नऊ मिनिटांत काशी : आमच्या पॉडकास्ट मालिकेचा आराखडा

माध्यम अभ्यासक्रमासाठी आम्हाला या वर्षी एका पॉडकास्ट मालिकेचा आराखडा करून तिचा एक भाग प्रत्यक्ष तयार करायचा होता. माझी मावशी वाराणसीत दुर्गा घाटाजवळ राहते. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली मराठी घरे आहेत, त्यामुळे सुट्टीत तिथे जाताना विषय जवळजवळ ठरलेलाच होता : काशीतली मराठी माणसे. मालिका चार भागांची ठरली. पहिला भाग गागाभट्टांवर, दुसरा १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाईंवर, तिसरा काशीत जन्मलेल्या मणिकर्णिकेवर म्हणजे झाशीच्या राणीवर आणि चौथा संपादक बाबूराव विष्णु पराडकर यांच्यावर. प्रत्यक्ष तयार केला तो चौथा भाग. त्यात जे जमले आणि जे चुकले, ते इथे क्रमाने लिहीत आहे.

श्रोता कोण?

पहिल्या आराखड्यात श्रोत्यांच्या रकान्यात मी लिहिले होते, "सर्व मराठी माणसे." सरांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि विचारले, "हा माणूस कुठे बसून ऐकतो? किती वेळ? कशावर?" उत्तर देता आले नाही.

मग मी एकच श्रोता डोळ्यासमोर आणला : आमच्याच वसतिगृहातला सातवीतला कॅडेट. त्याच्याजवळ फोन नसतो. रात्रीच्या जेवणानंतर दिवे मालवण्याआधी दहा-बारा मिनिटे मोकळी मिळतात, आणि तेव्हा हाऊसमास्तरांच्या परवानगीने हॉलमधल्या एकाच स्पीकरवर तीस जण मिळून ऐकणार. एवढे ठरल्याबरोबर पुढचे बरेच प्रश्न सुटले. भाग नऊ मिनिटांपेक्षा मोठा नको. स्पीकर एकच, म्हणून ध्वनी मोनो ठेवायचा. कुजबुजता आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाही, म्हणून आवाजाची पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी हवी. आणि 'पराडकर कोण?' हे पहिल्याच मिनिटात सांगायला हवे, कारण सातवीतल्या मुलाने ते नाव ऐकलेले नसते.

प्रकार कोणता?

आमच्यापुढे तीन प्रकार होते : एकट्याचे निवेदन, प्रश्नोत्तरांची मुलाखत, आणि निवेदनात मुलाखतीचे तुकडे गुंफलेला प्रकार. एकट्याचे निवेदन करायला सोपे, पण नऊ मिनिटे एकच आवाज ऐकताना मुले पेंगतात. मी आमच्या खोलीत वाचून पाहिले आणि सहाव्या मिनिटाला दोघे झोपले. मुलाखत जिवंत वाटते, पण बोलणारा आठवणीत जसा फिरतो तशीच ती फिरते. म्हणून तिसरा प्रकार घेतला. तारखा आणि घटना निवेदकाने सांगायच्या, घरातली आठवण आजोबांनी सांगायची. आजोबा म्हणजे मावशीचे शेजारी. वय ऐंशीच्या पुढे, जन्म काशीतलाच. घरात मराठी आणि दाराबाहेर बनारसी हिंदी बोलणारे. त्यांची आणि त्यांच्या मुलाची परवानगी आम्ही आधीच घेतली, आणि तयार भाग प्रथम त्यांनाच ऐकवू असे कबूल केले. हे कबूल केले म्हणूनच पुढची चूक सापडली.

भागाची रचना

माझा बोलण्याचा वेग मी आधी मोजला. दोनशे साठ शब्दांचा मजकूर सावकाश वाचायला दोन मिनिटे दहा सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला सुमारे एकशे वीस शब्द. मग नऊ मिनिटे अशी वाटली :

०:०० ते ०:३० – आजोबांचे एक वाक्य, मागे घाटाचा आवाज
०:३० ते १:०० – मालिकेचे नाव, आजचा विषय
१:०० ते ३:०० – निवेदन : पराडकर कोण होते
३:०० ते ६:३० – आजोबांची आठवण
६:३० ते ८:३० – निवेदन : 'रणभेरी' आणि शब्दांची टांकसाळ
८:३० ते ९:०० – समारोप

निवेदनाची मिनिटे पाच, म्हणून मजकूर सहाशे शब्दांचा. पहिल्या मसुद्यात हजारावर शब्द होते. पराडकरांचा जन्म १८८३ चा, मृत्यू १९५५ चा; मराठी घरातला हा माणूस १९२० साली काशीत सुरू झालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचा संपादक म्हणून नावाजला. १९३० च्या कायदेभंगाच्या काळात काशीतून गुपचूप निघणाऱ्या 'रणभेरी' पत्रकामागेही ते होते. 'राष्ट्रपति', 'मुद्रास्फीति' असे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. एवढेच ठेवले आणि बाकीचे गाळले. कानाला मागचे पान उलटता येत नाही, म्हणून एका भागात दोन-तीनच गोष्टी टिकतात.

ध्वनिमुद्रण

आजोबांची खोली दगडी होती. टाळी वाजवून पाहिली तर मागून झणझण आली, म्हणजे खोली घुमत होती. हा घुमारा नंतर संगणकावर नीट काढता येत नाही, तो तिथेच अडवावा लागतो. मावशीने दोन गोधड्या दिल्या. एक आजोबांच्या मागे दोरीवर टाकली, दुसरी समोरच्या मेजावर अंथरली. फोन विमान मोडवर टाकून तोंडापासून वीतभर अंतरावर, जरासा बाजूला ठेवला. अगदी समोर धरला तर 'प' आणि 'फ' म्हणताना श्वास माइकवर आदळतो.

बोलणे सुरू करण्याआधी सगळ्यांनी गप्प बसून तीस सेकंद नुसती खोली मुद्रित केली. पंखा बंद असला तरी प्रत्येक खोलीला स्वतःचा एक बारीक आवाज असतो. संपादनात रिकामी जागा भरायला तोच लागतो. पूर्ण शांतता भरली तर स्पीकर बंद पडल्यासारखे वाटते.

आजोबा बेचाळीस मिनिटे बोलले. वेळ मात्र आम्ही चुकीची निवडली होती. संध्याकाळ झाली आणि शेजारच्या देवळातली घंटा वाजू लागली.

संपादन आणि माझी चूक

संपादन ऑडॅसिटी या मोफत प्रणालीवर केले. पहिला नियम असा की मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत घेऊन काम करायचे. दुसरे काम कागदावरचे. बेचाळीस मिनिटे ऐकून प्रत्येक मुद्द्याची वेळ वहीत लिहिली आणि ठेवायच्या वाक्यांवर खूण केली. यात दोन संध्याकाळी गेल्या, पण कापाकापी एका दुपारीच उरकली.

तुकडा कापताना Z दाबले की निवडीच्या कडा ध्वनिलहर शून्यावर असेल तिथे सरकतात, त्यामुळे सांध्यावर 'टक्' असा आवाज येत नाही. मग `High-Pass Filter` ८० हर्ट्झवर लावून खालची घरघर काढली. `Noise Reduction` साठी आधी त्या तीस सेकंदांच्या शांततेचा नमुना दिला. मी पहिल्यांदा हौसेने २० डीबी लावले, तर आजोबा पाण्याखालून बोलत असल्यासारखे वाटू लागले. ८ डीबीवर आणले तेव्हा थोडी खरखर राहिली, पण आवाज माणसाचा राहिला. शेवटी `Loudness Normalization` ने सर्व भाग −१६ एलयूएफएसवर आणला आणि ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ केली. नऊ मिनिटांची फाइल सुमारे ४.३ एमबीची झाली. पालकांना फोनवर पाठवायला सोपी.

घंटेवर मात्र यातले काहीच चालले नाही. पंख्याची घरघर एकसारखी असते, म्हणून नमुना देऊन ती ओळखता येते. घंटेचा नाद क्षणाक्षणाला बदलतो आणि बोलण्याच्या स्वरांतच मिसळतो. तो काढायला जावे तर अक्षरेही जातात. म्हणून घंटा जिथे पडली तिथले बोलणे मी सरळ कापले.

आजोबांचे मूळ बोलणे असे होते : "पराडकरांना मी पाहिलंय, असं वडील सांगायचे. मला स्वतःला काही आठवत नाही, मी लहान होतो." घंटा वाजली ती 'पाहिलंय' या शब्दानंतर. मी पुढचे सगळे काढले. उरले, "पराडकरांना मी पाहिलंय." सांधा इतका स्वच्छ बसला की मी तेच वाक्य भागाच्या सुरुवातीला घेतले. सरांना आवडले. वर्गालाही आवडले.

कबूल केल्याप्रमाणे भाग आजोबांना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बाळ, आवाज छान आलाय. पण हे मी म्हटलं नाही."

"आजोबा, शब्द तुमचेच आहेत."

"शब्द माझे आहेत, साक्ष माझी नाही. मी पाहिलं असं मी कधीच म्हणत नाही. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

मला काय बोलावे सुचले नाही. सुमारे पाच सेकंदांच्या कापाने मी ऐकीव गोष्टीचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार केला होता, आणि तोही एका संपादकावरच्या भागात. ऐकणाऱ्याला हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता, कारण सांधा ऐकूच येत नव्हता.

दुरुस्तीचे तीन मार्ग होते. आजोबांकडून वाक्य पुन्हा बोलून घ्यायचे. पण दुसऱ्यांदा माणूस पाठ म्हटल्यासारखा बोलतो. ते वाक्यच गाळायचे. पण मग भागाचा प्राण जातो. किंवा मूळ बोलणे घंटेसकट परत ठेवायचे. आम्ही तिसरा मार्ग घेतला. घंटा जिथे सुरू होते तिथून तिचा नाद विरेपर्यंत एकही काप केला नाही, कारण नाद मध्येच तुटला की कानाला सांधा लगेच कळतो. त्याआधी निवेदनात एक वाक्य घातले : "आजोबा बोलत असताना शेजारच्या देवळात आरती सुरू झाली." 'आठवत नाही' हे शब्द घंटेखाली थोडे दबतात, म्हणून पुढच्या वाक्यात निवेदक तीच गोष्ट पुन्हा सांगतो.

त्यानंतर आमच्या वहीत एक रकाना वाढला. प्रत्येक कापाशेजारी लिहायचे : काय काढले, आणि ते काढल्यावर वाक्याचा अर्थ तोच राहिला का. 'असं म्हणतात', 'बहुतेक', 'मला वाटतं', 'नाही' हे शब्द कापात जात असतील तर तो काप दुसऱ्या कॅडेटने मूळ ध्वनीशी ताडून पाहायचा. चौथ्या भागात असे अकरा काप निघाले. त्यातले दोन आम्ही मागे घेतले.

भाग हॉलमध्ये वाजवला त्या रात्री सातवीतल्या एकाने विचारले, "दादा, ती घंटा तुम्ही मुद्दाम टाकली का?" मी त्याला म्हटले, "टाकली नाही. काढली होती, परत ठेवली."