खेळत्या भांडवलाचे चक्र

व्यापाऱ्याने माल विकत घेतला की त्याचा पैसा प्रथम कापडाच्या, धान्याच्या किंवा लोखंडाच्या रूपात गुदामात पडून राहतो. माल उधारीवर विकला म्हणजे तोच पैसा गिऱ्हाइकाच्या खात्यावर जाऊन बसतो, आणि वसुली झाल्यावरच पेटीत परत येतो. या प्रवासाचा काही काळ माल पुरवणाऱ्याच्या उधारीवर निभतो. उरलेला काळ व्यापाऱ्याला स्वतःच्या किंवा कर्जाऊ पैशावर काढावा लागतो. या उरलेल्या दिवसांनाच खेळत्या भांडवलाचे चक्र म्हणतात.

सुरतेहून कापड मागवणाऱ्या कानपूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत व कर बाजूला ठेवला आहे. त्याची वार्षिक विक्री 1,09,50,000 रुपये, म्हणजे दिवसाला 30,000 रुपये आहे. विकलेल्या मालाची खरेदी किंमत दिवसाला 27,000 रुपये पडते. गुदामात 16,20,000 रुपयांचा माल आहे. साठा खरेदी किमतीने मांडलेला असल्यामुळे त्याला 27,000 ने भागावे. 60 दिवस येतात. गिऱ्हाइकांकडून येणे 13,50,000 रुपये आहे. त्यात नफाही मिसळलेला असल्यामुळे येथे भाजक विक्रीचा, म्हणजे 30,000, घ्यावा. 45 दिवस येतात. पुरवठादारांचे देणे 8,10,000 रुपये आहे. त्याला रोजच्या खरेदीने भागावयाचे. साठा वर्षभर तेवढाच राहिला असल्याने खरेदीही दिवसाला 27,000 रुपयेच आहे, म्हणून 30 दिवस येतात.

आता 60 व 45 यांची बेरीज करून त्यातून 30 वजा केले, की चक्र 75 दिवसांचे ठरते. रुपयांत पाहिले तर साठा आणि येणे यांतून देणे वजा जाता 21,60,000 रुपये सदैव धंद्यात गुंतलेले असतात.

पुढील वर्षी विक्री व नफ्याचे प्रमाण तेच राहिले, परंतु जुन्या नमुन्यांचे कापड पडून राहिल्याने साठा 75 दिवसांचा झाला आणि ढिल्या वसुलीमुळे येणे 60 दिवसांचे झाले, असे समजू. साठा 20,25,000 व येणे 18,00,000 रुपये झाले. म्हणजे 8,55,000 रुपये जादा अडकले. नफातोट्याच्या पत्रकात याचा मागमूस दिसत नाही, कारण नफा पूर्वीइतकाच आहे. तो नफा खर्चात व घरखर्चात जात असेल, तर ही रक्कम आणावयाची कोठून? व्यापारी बहुधा सर्वांत सोपा मार्ग धरतो : पुरवठादारांचे पैसे थकवतो. देणे 16,65,000 रुपयांवर जाते. साठा वाढवल्यामुळे वर्षाची खरेदी 1,02,60,000 रुपये झालेली असते. त्या हिशेबाने देण्याचे दिवस सुमारे 59 येतात.

या वर्षीचे चक्र मांडले तर 75 अधिक 60 वजा 59, म्हणजे 76 दिवस. गेल्या वर्षीपेक्षा अवघा एक दिवस जास्त! गुंतलेली रक्कमही तीच, 21,60,000 रुपये. केवळ अखेरचा आकडा पाहणाऱ्याला सारे स्थिर वाटेल. प्रत्यक्षात मात्र तिन्ही अंगे बिघडलेली आहेत. म्हणून चक्राची बेरीज पाहण्यापूर्वी तिचे तीन भाग वेगवेगळे, आणि मागील वर्षांशी ताडून पाहिले पाहिजेत.

थकवलेले देणे फुकटचे भांडवल नसते. तीस दिवसांच्या मुदतीच्या बिलावर दहा दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट मिळत असेल, तर ती सोडणे म्हणजे वीस दिवसांसाठी वर्षाला सुमारे 37 टक्के दराने पैसे वापरणे होय. शिवाय कापड पुरवणारा यंत्रमागधारक नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योजक असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसल्यास ही मुदत 15 दिवसांची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तेव्हा 59 दिवसांचा आधार कायद्याच्या एका नोटिशीने कोसळू शकतो.

हिशेबाची एक मर्यादाही ध्यानी घ्यावी. कापडाचा साठा दिवाळीपूर्वी फुगतो व सण उलटल्यावर उतरतो. त्यामुळे 31 मार्चच्या ताळेबंदातील एकाच दिवसाचा आकडा फसवा ठरू शकतो. बारा महिनाअखेरींची सरासरी अधिक विश्वसनीय असते. तसेच सरासरीच्या पोटात बुडीत उधारी लपते. 60 दिवसांचे येणे म्हणजे सर्वच गिऱ्हाइके दोन महिन्यांनी पैसे देतात, असे नव्हे. बरीच जण महिन्याभरात देत असतील आणि दोघाचौघांकडे वर्ष उलटले तरी बाकी असेल. यासाठी बाकी किती जुनी आहे त्याप्रमाणे खात्यांची यादी करावी, आणि गुदामातील गठ्ठ्यांचीही तशीच. पैसा नेमका कोठे अडला आहे, हे त्या दोन याद्यांतून कळते.