नववीच्या वह्या दहावीला

प्रश्न : मुलगी नववी पास झाली. दोन्ही सत्रांच्या गणिताच्या वह्या सुट्टीत तिने पुन्हा उतरवून काढाव्यात का? की पहिल्या सत्राच्या रद्दीत दिल्या तरी चालतील?
– एक पालक, आर्णी

उत्तर : उतरवण्यात सुट्टी घालवू नका आणि रद्दीतही देऊ नका. पहिल्या सत्रातला ‘संच’ दहावीच्या संभाव्यतेत लागतो. नमुना अवकाश हा संचच असतो. ‘बहुपदी’ वर्गसमीकरणांत येते. दोन चलांतील रेषीय समीकरणे तर दहावीच्या बीजगणिताचं पहिलंच प्रकरण.

एका पातळ वहीत डावीकडे नववीतला मुद्दा आणि एक सोडवलेलं उदाहरण, उजवीकडे दहावीतलं प्रकरण, एवढंच लिहू द्या. उदाहरण मात्र जुनी वही मिटून सोडवायचं. 3x + 2y = 16 आणि 3x − y = 10 यांची वजाबाकी केली की 3y = 6, म्हणून y = 2, x = 4. तिचं उत्तर y = 6 आलं, तर वजा करताना −y चं चिन्ह बदललेलं नाही. पान तिथेच थांबवा, तशीच चार गणितं करून घ्या. दहावीत निश्चयकाच्या पद्धतीतही हीच चूक गुण घालवते.

भूमितीला वेगळी वही करा. त्यात ‘त्रिकोण’ आधी घ्या. समरूपता त्यावरच उभी आहे.