एक्स-रेवरची उजवी-डावी कशी ओळखायची?

या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही औषधाबद्दल लिहीत नाही. घरोघरी पत्र्याच्या पेटीत किंवा गादीखाली मोठ्या पाकिटात जपून ठेवलेल्या एक्स-रेबद्दल लिहीत आहोत. तो पाहताना उजवी बाजू कोणती आणि डावी कोणती, एवढाच विषय आहे. विषय लहान वाटेल. आम्हालाही वाटला होता. पण आमच्याच वस्तीतल्या एका पोराच्या बाबतीत जे होता होता राहिले, त्यानंतर तो लहान वाटेनासा झाला.

पोरगा चोवीस वर्षांचा, गोदामात हमाली करणारा. महिनाभर कोरडा खोकला, संध्याकाळी बारीक ताप, आणि श्वास घेतला की डाव्या बरगडीत कळ. बाहेर एक्स-रे काढला, तर छातीत पाणी झालेले. दवाखान्यात भरती केले. पाणी सुईने काढून तपासायला पाठवायचे ठरले, कारण तरुण माणसाच्या छातीत असे पाणी होते तेव्हा आपल्याकडे पहिला संशय टीबीचा घेतात. आमच्यापैकी दोघे सोबत होतो. केसपेपर हातात आला, त्यावर लिहिले होते, "उजव्या बाजूला पाणी."

त्याच्या आईने तो कागद आमच्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "दादा, पोराला दुखतंय डावीकडं. झोपतो पण डाव्या कुशीवर. मग कागदावर उजवी कसं काय?" आम्ही तिला गप्प करणार होतो. डॉक्टरांनी फिल्म पाहून लिहिले आहे, म्हणजे बरोबरच असणार, असे मनात आले. बरे झाले, ती गप्प बसली नाही.

आता आधी समजून घेऊ, फिल्म पाहायची कशी. नियम असा की एक्स-रे पाहताना तो माणूस आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असे धरायचे. शेजारी समोर उभा राहून आपल्याशी बोलतो तेव्हा त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताकडे असतो. फिल्मवरही तसेच. आपल्या डाव्या हाताकडे दिसते ती रुग्णाची उजवी बाजू. कागदावर लिहिलेली "उजवी" किंवा "डावी" ही नेहमी रुग्णाची असते, पाहणाऱ्याची कधीच नाही. घरी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून "इकडं डागलंय" म्हणताना बहुतेक जण इथेच चुकतात.

पण फिल्म पारदर्शक असते. उलटी धरली तरी चित्र तितकेच स्वच्छ दिसते. म्हणून फोटो काढताना टेक्निशियन शिशाचे छोटे अक्षर लावतात. किरण शिशातून जात नाहीत, त्यामुळे ते अक्षर फिल्मवर पांढरे उमटते. R म्हणजे रुग्णाची उजवी बाजू, L म्हणजे डावी. फिल्म बरोबर धरली असेल तर R आपल्या डाव्या हाताकडे येतो. शिवाय कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय, तारीख बारीक अक्षरात छापलेली असते. ती सरळ वाचता आली पाहिजे. नाव आरशातल्यासारखे उलटे दिसले, तर फिल्म उलटी धरली आहे हे नक्की.

इथे एक बारकावा आहे. नाव सरळ वाचता येते, पण R मात्र उलटा उमटला आहे, असेही कधी दिसते. याची दोन कारणे असू शकतात. एक, छातीचा फोटो बहुधा पाठीमागून किरण सोडून काढतात. त्यात शिशाचे अक्षर चिकटवताना त्याचे तोंड दुसरीकडे गेले की ते उलटे उमटते, पण बाजू बरोबरच असते. दुसरे, छापण्याआधी संगणकावर चित्र उलटवले गेले. तसे झाल्यावर चित्र आणि त्यातले शिशाचे अक्षर उलटते, पण नंतर छापलेले नाव सरळच राहते. दोन्ही फिल्मी वरवर सारख्याच दिसतात. म्हणून उलटा R दिसला की थांबायचे आणि जिथे फोटो काढला तिथल्या टेक्निशियनला विचारायचे. आणखी एक गोष्ट. काही ठिकाणी शिशाचे अक्षर लावतच नाहीत, फोटो निघाल्यावर संगणकावर R टाइप करतात. तो R टाइप करणाऱ्याच्या लक्षात जे होते तेवढाच खरा. शिशाचे अक्षर फोटो काढतानाच शरीराच्या शेजारी होते, त्यामुळे त्याची साक्ष वजनदार.

अक्षराशिवाय शरीरही साक्ष देते. हृदयाचा जास्त भाग मधल्या रेषेच्या डावीकडे असतो आणि त्याचे टोक डावीकडे झुकलेले असते. उजव्या बरगड्यांखाली यकृत असते, ते फिल्मवर सलग पांढरे दिसते. डाव्या बरगड्यांखाली जठर असते. उभ्याने काढलेल्या फोटोत त्याच्यात साचलेल्या हवेचा काळा बुडबुडा दिसतो. हृदयाचे टोक आणि हा बुडबुडा नेहमी एकाच बाजूला सापडायला हवेत, ती डावी बाजू. सुमारे दहा हजारांत एखादा माणूस असाही जन्मतो की ज्याचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलट बाजूला असतात. तो निरोगी असू शकतो. त्याच्या फिल्मवर हृदय उजवीकडे दिसले म्हणून "फिल्म उलटी आहे" असे धरून कोणी ती फिरवली, तर सरळ असलेली फिल्म उलटी होईल. म्हणून आधी अक्षर पाहायचे, मग अवयव, आणि दोन्ही जुळले नाहीत तर माणसालाच तपासायचे.

आता त्या पोराच्या फिल्मकडे परत येऊ. ती वॉर्डातल्या दिव्याच्या पेटीवर लावलेली होती. पाहणाऱ्याच्या डावीकडे खालचा अर्ध्याहून जास्त भाग पांढरा, आणि हृदय पाहणाऱ्याच्या उजवीकडे. नियमाने वाचले तर उजव्या बाजूला पाणी आणि हृदय डावीकडे, आपल्या जागी. काहीच खटकत नाही. म्हणूनच घाईत कोणाला खटकले नव्हते.

खरी गोष्ट अशी होती की फिल्म उलटी लागली होती. पाणी डावीकडे होते आणि ते खूप होते. समोरून काढलेल्या फोटोत छातीतले पाणी दिसायलाच साधारण 200 मिलिलिटर साचावे लागते. इथे त्याच्या कितीतरी पट होते. एवढे पाणी साचले की ते हृदयाला पलीकडे ढकलते, म्हणजे या पोराचे हृदय उजवीकडे सरकले होते. फिल्म उलटी लावताच ते सरकलेले हृदय नेमके नेहमीच्या जागी असल्यासारखे दिसू लागले. आजारानेच चूक झाकली होती. डाव्या छातीत भरपूर पाणी असेल तर "हृदय डावीकडे आहे, म्हणजे फिल्म सरळ आहे" ही खूण उपयोगाची राहत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आईचे ऐकून आमच्यातल्या एकाने, ज्याने पूर्वी एक्स-रे विभागात काम केले आहे, पेटीजवळ जाऊन कोपरा पाहिला. नाव उलटे होते. अक्षर इतके बारीक की मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसू नये. पांढऱ्या भागाच्या खाली, नेहमीपेक्षा बराच खाली दाबला गेलेला, हवेचा काळा बुडबुडाही होता. तो जठराचा, म्हणजे पाण्याची बाजू जठराची बाजू, म्हणजे डावी. आम्ही डॉक्टरांना म्हटले, "डॉक्टर साहेब, फिल्म एकदा परत बघता का? नाव उलटं दिसतंय." सांगायला हवे की ते रागावले नाहीत. त्यांनी फिल्म फिरवून लावली. R पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडे आला, पांढरा भाग उजव्या हाताकडे गेला. मग पोराला बसवून पाठीवर दोन्ही बाजूंना बोटांनी ठोकून पाहिले. उजवीकडे रिकाम्या माठासारखा आवाज आला, डावीकडे भरल्या रांजणासारखा बद्द. नळी लावली तर डावीकडे खाली श्वासाचा आवाज जवळजवळ नव्हताच. केसपेपरवरची ओळ खोडून, सही करून, "डावी" लिहिले. सोनोग्राफीत पाणी डावीकडेच दिसले, आणि पाठीवर पेनाने खूण करून तिथूनच काढले.

सुई उजवीकडे गेली असती तर? त्या बाजूला पाणी नव्हते, चांगले फुफ्फुस होते. सुईने त्याला भोक पडून हवा छातीच्या पोकळीत शिरली असती आणि ते फुफ्फुस आकसले असते. डावे आधीच पाण्याने दाबलेले. पोरगा श्वास कशाने घेणार होता?

छातीत निदान हृदय आणि जठर तरी आहेत. हाताच्या किंवा पायाच्या फोटोत तसे काही नसते. डावे मनगट उलटे धरले की हुबेहूब उजव्यासारखे दिसते. तिथे शिशाच्या अक्षराशिवाय दुसरी साक्ष नाही. म्हणून हातापायाचा एक्स-रे घेऊन बाहेर पडण्याआधी काउंटरवरच R किंवा L आहे का, आणि तो दुखऱ्या बाजूचाच आहे का, हे पाहून घ्या. नसेल तर तिथेच सांगा.

सीटी स्कॅनचे चित्र म्हणजे शरीराची आडवी चकती, जणू माणूस पाठीवर झोपला आहे आणि आपण त्याच्या पायाकडून पाहत आहोत. तिथेही रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताकडेच येते. मेंदूच्या स्कॅनमध्ये घरच्यांचा गोंधळ जास्त होतो, कारण मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू हलवतो. लकवा उजव्या हातापायावर आला आणि रिपोर्टमध्ये "डाव्या बाजूला गाठ" लिहिले असेल, तर ती चूक नसते, बहुधा तसेच असायला हवे. उलट लकवा उजवीकडे आणि रिपोर्टही उजवीकडचा, असे असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

शस्त्रक्रियेच्या आधी बाजू पडताळण्याची रीत जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये काढलेल्या तपासणी-यादीत आहे. भूल देण्याआधी रुग्णाला त्याचे नाव, कोणती शस्त्रक्रिया आणि शरीरावर कुठे, हे विचारायचे, आणि त्या जागेवर खूण केली आहे का ते पाहायचे. म्हणून तुम्हाला तीनदा "कुठली बाजू?" असे विचारले तर चिडू नका. तोंडाने सांगा आणि हाताने दाखवाही. कोणी विचारलेच नाही, तर आपण विचारा, "खूण केली का?"

तो पोरगा आता टीबीच्या गोळ्या घेतो आहे. त्याच्या आईने फिल्मच्या पाकिटावर बाहेरून मोठ्या अक्षरात "डावी" लिहून घेतले आहे, आणि आतल्या फिल्मच्या कोपऱ्यातला R कुठला, हे ती आता शेजारणींना दाखवते.