प्रसिद्धिपत्रक धाडण्याआधी आत्याचं ऐक

अगं, तुझा कागद वाचला. नाचणीच्या आंबिलीचं पीठ फक्कड झालंय, कागद मात्र जरा जास्तच आंबलाय. रागावू नकोस. मसाल्याच्या धंद्यातली माझी पहिली दोन पत्रकं अशीच होती, आणि दोन्ही थेट टोपलीत गेली.

१. मथळ्यातलं 'दिमाखदार पदार्पण' खोड आणि सरळ लिही : 'आंबील आता पाच मिनिटांत, कुडाळच्या महिलांचे नाचणीचे तयार पीठ' — तुझ्या कंपनीचं नाव अजून कुणाला ठाऊक नाही, पण रात्री पीठ भिजवायचं राहिलं की सकाळी होणारी पंचाईत घरोघरी ठाऊक आहे. नाव खालच्या पहिल्या ओळीत येऊ दे. वेशीवर पाटी गावाची लागते, पाटलाची नाही.

२. पहिल्या परिच्छेदातच सगळं सांगून मोकळी हो. असं बघ : 'कुडाळ, ता. १४ : पाच मिनिटांत आंबील करता येईल असे नाचणीचे तयार पीठ येथील चार महिलांच्या उद्योगातर्फे येत्या शनिवारी (ता. १८) बाजारात येत आहे. २०० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ९५ रुपये असून ते कुडाळ, कणकवली व सावंतवाडीतील दहा दुकानांत मिळेल.' (कंपनीचं नाव 'महिलांच्या'पुढे घाल.) — जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. मी किंमत आणि दुकानं शेवटी ठेवली होती. बातमी छापून आली, मसाला कुठे मिळतो ते काही आलं नाही. शेपटीला बांधलेलं सोनं कात्रीच्या वाट्याला जातं, बाई.

३. 'आज', 'उद्या', 'नुकतेच' हे शब्द लिहूच नकोस, वार आणि तारीख दे — बातमी कधी लागेल ते आपल्या हातात नसतं. माझं 'उद्या उद्घाटन' उद्घाटनानंतर दोन दिवसांनी छापलं गेलं, आणि तिसऱ्या दिवशी चौघं नटूनथटून दारात.

४. 'मधुमेह बरा होतो' ही ओळ आजच्या आज काढ — खाण्याच्या पदार्थाला रोग बरा करणारा म्हणणं कायद्यात बसत नाही, आणि पत्रकात छापलेलं 'आम्ही तसं म्हटलंच नव्हतं' म्हणून परत घेता येत नाही.

५. कॅल्शियमचं तसंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यात नाचणीचा आकडा १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम आहे खरा, पण तो नुसत्या धान्याचा — तुझ्या पिठात ताकाची पावडर आहे, जिरं आहे, मीठ आहे. तेव्हा एकतर पाकिटातल्या पिठाची प्रयोगशाळेत तपासणी करून तो आकडा दे, नाहीतर 'नाचणीत कॅल्शियम भरपूर असते' एवढ्यावर थांब. उसन्या आकड्याचं व्याज फार, पोरी.

६. तुझ्या तोंडी 'अत्यंत आनंद होत आहे' घालू नकोस. परवा स्वयंपाकघरात मला म्हणालीस ना, 'डब्याच्या घाईत आंबील सुटली, तिथून हे सुचलं', तेच अवतरणात टाक — आनंद सगळ्यांनाच होतो, म्हणून तो सगळ्यात आधी कापला जातो. आणि अवतरण एकच. दोन माणसं बोलली की सभा होते.

७. सगळ्यात खाली 'कंपनीविषयी' म्हणून चार ओळी : कधी सुरू झाली, कुठे, कोण चालवतं, काय काय बनवतं, किती जणी काम करतात. नव्या पिठाचं कौतुक तिथे नको — या ओळी प्रत्येक पत्रकाला तशाच जोडायच्या असतात, वार्ताहर पुढच्या वेळी त्यांतूनच तुझी ओळख उचलतो.

८. पण दर पाडव्याला त्या ओळी एकदा उघडून वाच — माझी 'नव्याने सुरू झालेली' कंपनी सहा वर्षं नव्याने सुरू होत होती. फळीवरच्या बरणीलाही तारीख लागते.

९. मजकूर ईमेलच्या अंगातच युनिकोडमध्ये टाक, नुसती पीडीएफ जोडू नकोस — डेस्कवरच्या पोराला तो पुन्हा टाइप करावा लागला, तर तो शेजारचं पत्रक उचलेल. फोटो वेगळा जोड, मूळ आकाराचा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो बारीक होतो आणि छापल्यावर पाकीट धुक्यात उभं दिसतं. फोटोत कोण कोण आहे ते डावीकडून लिहून दे.

१०. शेवटी तुझा मोबाइल नंबर, आणि पाठवण्याआधी कागदावर बघून तो दुसऱ्या फोनवरून लावून पाहा — माझा एक आकडा चुकला होता. पंधरा दिवस गोडा मसाल्याच्या ऑर्डरी एका ट्रक ड्रायव्हरला जात होत्या. बिचारा शेवटी मलाच शोधत आला, आणि दोन किलो घेऊन गेला.