अर्धगोलाकृती वाडग्यात किती लिटर पाणी मावते ?

अर्धगोलाच्या घनफळाचे सूत्र वरच्या वर्गांतील मुलांना पाठ असते. गुणाकारही बहुधा बिनचूक होतो. तरीही साध्या वाडग्यात वीस-चोवीस लिटर पाणी मावते असे उत्तर वहीत दिसते, आणि ते लिहिणाऱ्या मुलाला त्यात काही वावगे वाटत नाही. येथे उणीव सूत्राची नसते. हाती आलेले उत्तर त्या भांड्याला शोभते की नाही, हे पाहण्याचे साधन मुलाजवळ नसते. ते साधन मुलांना कसे द्यावे, हे एका वाडग्याच्या उदाहरणाने पुढे दाखविले आहे.

मोजणी

चिनी मातीचा, गोल बुडाचा जाड वाडगा घ्यावा. तो डळमळू नये म्हणून चुंबळीवर ठेवावा. प्रथम काठाच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत व्यास मोजावा. तोंड खरोखर वर्तुळाकार आहे की नाही हे कळण्यासाठी तोच व्यास आडव्या दिशेनेही मोजावा. समजा, दोन्ही वेळा तो २१ सेंटिमीटर भरला. मग त्रिज्या १०.५ सेंटिमीटर झाली.

यानंतर खोली मोजावी. तोंडावर एक सरळ काठी आडवी ठेवावी आणि बुडाच्या सर्वांत खोल बिंदूपासून काठीच्या खालच्या कडेपर्यंत पट्टी उभी धरावी. पुष्कळ पट्ट्यांवर टोक व शून्याची रेघ यांत थोडी कोरी जागा असते. तेवढी लांबी वाचलेल्या आकड्यात मिळवावयास हवी. खोली १०.५ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्येएवढी भरली, आणि बाजू सर्वत्र सारख्या गोलाईने वळलेल्या असल्या, तरच तो वाडगा अर्धगोल म्हणावा. ही पायरी गाळू नये. तोंड तेवढेच, पण खोली ७ सेंटिमीटर असलेले पसरट पात्र म्हणजे अर्धगोल नव्हे; तो गोलाचा लहान तुकडा होय. त्यात सुमारे १.४ लिटर पाणी मावते, तर अर्धगोलाचे सूत्र लावल्यास उत्तर २.४ लिटर येते. घरातील बहुतेक कढया अशाच पसरट असतात, म्हणून त्यांना हे सूत्र डोळे मिटून लावू नये.

आकडेमोड

गोलाचे घनफळ ४/३ × π × त्रिज्या³ असते. त्याचे निम्मे, म्हणजे २/३ × π × त्रिज्या³, हे अर्धगोलाचे घनफळ. π ची किंमत २२/७ घेतली, तर

घनफळ = २/३ × २२/७ × १०.५ × १०.५ × १०.५
= ४४/२१ × १०.५ × ११०.२५
= २२ × ११०.२५
= २४२५.५ घनसेंटिमीटर

आता लिटर करावयाचे. येथे मुले १०० ने भागतात, कारण शंभर सेंटिमीटरांचा एक मीटर हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. नुसता नियम सांगून ही चूक जात नाही. पुठ्ठ्याचा १० सेंटिमीटर बाजूचा घन करून वर्गात ठेवावा. त्याच्या तळाशी एक सेंटिमीटरचे छोटे घन एका रांगेत १० बसतील. अशा १० रांगा, म्हणजे एका थरात १०० घन. आणि असे १० थर, म्हणजे एकूण १००० घन. या पेटीत मावते तेवढे एक लिटर. शंभर हा फक्त एका थराचा आकडा आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मूल सहसा १०० ने भागत नाही. १९०१ पासून १९६४ पर्यंत लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याच्या आकारमानावरून केलेली होती व ते माप १००० घनसेंटिमीटरांहून किंचित मोठे होते. १९६४ मध्ये लिटर म्हणजे बरोबर १००० घनसेंटिमीटर असे ठरले. फरक एका थेंबाहूनही कमी होता. आता तोही उरलेला नाही.

म्हणून २४२५.५ ÷ १००० = २.४२५५ लिटर.

पेटीची कसोटी

उत्तर लिहून झाल्यावर मुलांना विचारावे : हा वाडगा नेमका बसेल अशी पेटी केवढी लागेल ? तिची लांबी २१, रुंदी २१ आणि उंची १०.५ सेंटिमीटर. या पेटीचे घनफळ ४६३०.५ घनसेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४.६ लिटर. वाडगा पेटीच्या आत बसतो, तेव्हा त्यात पेटीहून अधिक पाणी मावणे शक्यच नाही.

या एका कसोटीवर नेहमीच्या तीन चुका उघड्या पडतात. त्रिज्येच्या जागी व्यास घातल्यास उत्तर आठपट, म्हणजे १९.४ लिटर येते. १०० ने भागल्यास २४.२५५ लिटर येते. गोलाचे सूत्र लावून निम्मे करावयाचे राहिल्यास ४.८५१ लिटर येते. तिन्ही उत्तरे पेटीच्या बाहेर जातात. खरे उत्तर नेहमी पेटीच्या निम्म्याहून थोडेसे अधिक येते, ४.६ चे निम्मे २.३, आणि आपले उत्तर २.४. कोणत्याही अर्धगोलाला हे प्रमाण लागू पडते.

पाणी ओतून पडताळा

एक चूक मात्र या कसोटीतून निसटते : बाहेरचा व्यास मोजणे. हा वाडगा अर्धा सेंटिमीटर जाड असेल, तर बाहेरचा व्यास २२ व त्रिज्या ११ भरेल आणि उत्तर सुमारे २.७९ लिटर येईल. म्हणजे एक तृतीयांश लिटरहून अधिक पाणी केवळ कागदावर वाढले. पेटीही त्याच मापाने मोठी झालेली असल्याने ती काही सांगत नाही. येथे प्रत्यक्ष पाणीच ओतले पाहिजे.

लिटरच्या मापाने दोन मापे ओतावीत. पुढे १०० मिलिलिटरच्या लहान मापाने भरावे. एक मिलिलिटर म्हणजेच एक घनसेंटिमीटर, हे येथे सांगावे. पाणी काठाशी समपातळीत येताच थांबावे, फुगू देऊ नये. चार लहान मापे पूर्ण जातील व पाचवे थोडेसेच रिते होईल. पाणी २.३५ किंवा २.५ लिटरपर्यंत भरले, तरी गणित चुकले असे समजू नये. व्यास मोजताना २ मिलिमीटरची चूक झाली, तर त्रिज्येत १ मिलिमीटरची चूक होते; त्रिज्या तीनदा गुणली जात असल्याने एवढ्यानेच सुमारे ७० मिलिलिटरचा फरक पडतो. यासाठी २.४२५५ हे आकडेमोडीचे उत्तर असले, तरी वाडग्यावर चिठ्ठी लावताना 'सुमारे २.४ लिटर' एवढेच लिहावे.

स्वाध्याय

१. एका अर्धगोल कढईचा आतील व्यास ४२ सेंटिमीटर आहे. वरील वाडग्याने ती भरण्यास किती वाडगे पाणी लागेल ? आधी अंदाज लिहावा, मग गणित करावे. (उत्तर : १९.४०४ लिटर, ८ वाडगे.)

२. एका अर्धगोल वाडग्याचा बाहेरील व्यास १५ सेंटिमीटर व जाडी सर्वत्र ५ मिलिमीटर आहे. त्यात किती पाणी मावेल ? (उत्तर : सुमारे ०.७१९ लिटर.)

३. आतील व्यास २० सेंटिमीटर असलेल्या अर्धगोल पात्रात ५ लिटर पाणी मावते, असे एका मुलाचे उत्तर आहे. सूत्र न वापरता त्याची चूक दाखवा. (पेटी : २० × २० × १० = ४००० घनसेंटिमीटर, म्हणजे ४ लिटर.)