अर्ज एक सांगतो, कागद दुसरंच

आमच्या घमापुरात आयुध निर्माण्यांतून निवृत्त झालेल्यांची बरीच घरं आहेत. त्यामुळे कुणी गेलं की तेरावं आटोपताच फॅमिली पेन्शनच्या अर्जाचा विषय निघतो. अशाच एका शेजारच्या काकूंचा अर्ज बँकेने परत केला, तेव्हा त्या सगळी फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. मृत्यूचा दाखला, काकांच्या पीपीओची प्रत, आधार, पासबुक, जास्त दिलेली रक्कम परत करण्याची हमी, सगळं जोडलेलं होतं. कागद एकही कमी नव्हता. अर्जातला मजकूरच त्या कागदांशी जुळत नव्हता.

पहिली गडबड तारखेची. काका गेले ९ मार्च २०२२ रोजी. नोंदणी झाली २१ तारखेला आणि दाखला हातात आला २३ ला. दाखल्यावर या तिन्ही तारखा असतात. टायपिंगवाल्याने २१ मार्च हाच मृत्यूचा दिवस धरला. फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागते, म्हणजे काकूंच्या हक्काचे बारा दिवस गेले असते. शिवाय जोडलेल्या दाखल्यानुसार जो माणूस ९ तारखेलाच गेला, तो अर्जात आणखी बारा दिवस जिवंत होता. बँकेने काय करावं?

दुसरी चूक रकमेची, आणि ती जवळपास प्रत्येक घरात होते. अर्जात ‘मासिक पेन्शन २९,४१०’ असं होतं, कारण पासबुकात तेवढी रक्कम जमा होत होती. पीपीओवर मात्र मूळ पेन्शन २२,४५० होती. वरचे ६,९६० त्या वेळच्या ३१ टक्के महागाई भत्त्याचे. काकांनी पेन्शन विकली नव्हती. विकली असती तर पासबुकातला आकडा आणखी वेगळा दिसला असता. पीपीओवर फॅमिली पेन्शनचेही दोन आकडे असतात: वाढीव आणि साधी. इथे वाढीव २२,४५० आणि साधी शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, म्हणजे १३,४७०. अर्जात रक्कम लिहायचीच असेल तर पीपीओवरची लिहावी आणि तिच्यापुढे ‘मूळ’ हा शब्द टाकावा.

जन्मतारखेची गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटली. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर वाढीव पेन्शन सात वर्षं किंवा मृत व्यक्तीची सदुसष्ट वर्षं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर मिळते. पीपीओवर काकांचा जन्म १५ जुलै १९५७ चा, म्हणजे वाढीव दर जुलै २०२४ पर्यंत. आधारवर साल १९५९ होतं आणि अर्जात तेच उतरलं होतं. हे कुणाच्या लक्षात आलं नसतं तर वाढीव दर दोन वर्षं जास्त चालला असता. दरमहा ८,९८० मूळ आणि त्यावरचा भत्ता, आणि पुढे केव्हातरी हमीपत्र दाखवून सगळी वसुली. अर्ज परत आला हे काकूंचं नशीबच म्हणायचं.

नावाचा घोळ तर आपल्या लोकांच्या पाचवीला पुजलेला. हिंदी कागदांत आडनावातला ‘ळ’ जाऊन ‘ल’ येतो, मधलं नाव गळतं, आणि लग्नात नाव बदललेलं असेल तर शाळेच्या दाखल्यावर वेगळीच बाई असते. काकांच्या पीपीओवर काकूंचं, पतीचं नाव मधे घालून, पूर्ण नाव होतं, आधारवर नुसतं नाव-आडनाव. अशा वेळी अर्जात पीपीओवरचं नाव अक्षर न अक्षर तसंच लिहावं, दुसरं नाव ‘उर्फ’ म्हणून द्यावं आणि दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडावं. मृत्यूच्या दाखल्यातच चूक असेल तर तो पेनने सुधारू नये. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडून दुरुस्ती करून घ्यावी आणि मगच अर्ज द्यावा.

आम्ही दुसरा अर्ज तपासला तो असा. काकूंचा नातू एकेक कागद हातात घेऊन मोठ्याने वाचत होता आणि मी अर्जात ते शोधून खूण करत होतो. वाचायचं कागदावरून, अर्जावरून नाही. अर्ज वाचत गेलं की डोळा ओळखीचा मजकूर गृहीत धरतो आणि कागदावर तेच दिसायला लागतं. पीपीओ नंबर तर एकेक आकडा सुटा बोलायचा, ‘चौसष्ट, पंच्याहत्तर’ असा जोडून नाही. आकड्यांची अदलाबदल तिथेच लपते. सुधारित पीपीओ आला असेल तर अर्जातला नंबर आणि जोडलेली प्रत एकाच पीपीओची आहे ना, हेही बघावं. प्रत्येक कागदावर संलग्नक १, २ असं लिहावं आणि अर्जात त्या-त्या वाक्यापुढे तोच क्रमांक द्यावा.

ही तपासणी संगणकाच्या पडद्यावर नको, शेवटच्या छापील प्रतीवर करा. त्यानंतर टायपिंगवाल्याने एक ओळ जरी बदलली, तरी नवी प्रत पुन्हा पहिल्या कागदापासून वाचून घ्या आणि मगच सही करा.