आधी ठसे, मग पानं

कलाकृती किंवा प्रयोग सादर करून पीएच.डी. करायची, तर सोबत लेखी विवेचन द्यावं लागतं. ते लिहायला बसलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात दोनपैकी एक बाड असतं. एकात नेहमीचा प्रबंध असतो आणि कलाकृती मधेमधे डकवलेली असते. दुसऱ्यात नुसती रोजनिशी असते. दोन्ही मी परत करते, कारण दोन्हीत कलाकृतीनं शोधून काय काढलं हे कुठेच सांगितलेलं नसतं.

एक उदाहरण धरून चालू. समज, तू नागपूरची आहेस आणि वाराणसीच्या मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर कागद ठेवून, वरून मेणाचा खडू घासून ठसे घेते आहेस. त्या ठशांची मालिका ही तुझी कलाकृती.

पहिली गोष्ट प्रश्नाची. ‘मुन्शी घाटाचं दृश्यरूप’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: पायरी पावलांनी झिजली की पुराच्या पाण्यानं, हे दगडाच्या ठशावरून ओळखता येतं का? हा प्रश्न ग्रंथालयात बसून सुटत नाही, कागद आणि खडू घेऊन पायरीवर बसावंच लागतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर नुसत्या वाचनातून मिळत असेल तर सरळ प्रबंध लिही. कलाकृतीला उगाच साक्षीदार म्हणून उभं करू नकोस.

मांडणीसाठी मी मुलांना ब्रिस्बेनच्या जिलियन हॅमिल्टन आणि लूक जॅनिस्ट यांचा आराखडा दाखवते. त्यांच्या विद्यापीठात सादर झालेली अशी विवेचनं तपासून त्यांनी 2010 च्या सुमारास तो मांडला. प्रस्तावना आणि समारोप यांच्या मधे तीन भाग: आधी विचारांची चौकट, मग आपल्याआधी इतरांनी केलेलं काम, मग आपलं काम. आराखडा साधा आहे, पण त्यात मापं चुकतात. विवेचन 40,000 शब्दांचं असेल तर पहिल्या दोन भागांना मिळून 16,000 पुरेत आणि स्वतःच्या कामाला निदान 15,000 ठेव. उरलेले प्रस्तावनेला आणि समारोपाला. शब्दमर्यादा प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते, ती नियमावलीत बघून घे. प्रमाण मात्र साधारण हेच राहू दे.

चौकटीच्या भागात नागपूरकरांचा पाय हमखास अडकतो. नागपूर संस्थानचे अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी हा घाट बांधला, 1915 मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी तो घेतला आणि लगतचा भाग दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला, हे सांगताना आपला ऊर भरून येतो आणि बघता बघता तीस पानं होतात. दोन पानांत आटप. तुझा प्रश्न झिजेचा आहे, तेव्हा या भागात दगड आणि पाणी यांना जागा दे. घाटांना चुनारचा वालुकाश्म का वापरला, तो कसा झिजतो, गंगा किती चढते. राजघाटच्या मोजपट्टीवर धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे आणि 1978 मध्ये पाणी 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. हे आकडे तुझ्या कामाचे आहेत, कारण कुठली पायरी किती काळ पाण्याखाली राहते हा हिशेब त्यांच्यापासून सुरू होतो.

दुसऱ्या भागात पुस्तकं नकोत, कामं हवीत. जेम्स प्रिन्सेपनं 1830 च्या दशकात बनारसच्या घाटांची शिळाछापाची चित्रं प्रसिद्ध केली. राम कुमार 1960 च्या सुमारास हुसेनबरोबर इथं आले आणि पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या चित्रांत हे शहर येत राहिलं. माक्स अर्न्स्टनं 1925 पासून लाकडाच्या फळीवर कागद घासून चित्रं केली. जपानच्या मासाओ ओकाबे यांनी हिरोशिमाच्या उजिना स्टेशनातल्या फलाटाच्या दगडांचे ठसे घेतले आणि ते 2007 च्या व्हेनिस बिनालेत मांडले. प्रत्येकाबद्दल एकच विचार: यानं काय केलं, आणि माझ्या प्रश्नाचा कुठला तुकडा त्यानं तसाच सोडला? ओकाबेंच्या ठशांत दगड अणुबॉम्बची साक्ष देतो. पाऊल आणि पाणी यांतला फरक त्यांना शोधायचाच नव्हता. तुझी जागा तिथं आहे, आणि हे वाक्य त्या भागाच्या शेवटी स्पष्ट लिही.

आता खरा भाग. इथं घडलेलं सगळं क्रमानं सांगू नकोस. ज्या ज्या ठिकाणी तू निर्णय बदललास, तेवढ्याच जागा निवड. पूर ओसरल्यावर घाटांवरचा गाळ पंपाच्या पाण्यानं धुतात, आणि दगड बराच काळ ओला राहतो. जाड कार्ट्रिज कागद त्यावर फुगतो, कडेला फाटतो. तू पातळ नेपाळी हातकागदाकडे वळलीस. ओलीवर पेन्सिलीचं शिसं फिसकटतं म्हणून मेणाचा खडू घेतलास. एवढं सांगून थांबलीस तर ती साहित्याची यादी झाली. कागद पातळ झाल्यावर पहिल्यांदा छिन्नीच्या रेघा उमटल्या, हे महत्त्वाचं. वरच्या पायरीच्या ठशात त्या रेघा कडेला शाबूत आणि मधे पुसट, म्हणजे पावलांचा खळगा. खालच्या पायरीवर त्या सगळीकडे सारख्याच पुसट. ठसा क्रमांक 14 आणि 31 शेजारी ठेवले की हा फरक दिसतो. धर, तुझं असं निघालं; मग उत्तर इथं सापडलं, आणि ते सापडायला कागद बदलावा लागला. निर्णय, त्यानं उघड झालेली गोष्ट, आणि तिनं प्रश्नावर केलेला परिणाम, अशी तीन पावलं प्रत्येक जागी दिसली पाहिजेत.

रोजनिशीतला मजकूर तारखेसह, जसा आहे तसाच उतरव, मग वेगळ्या परिच्छेदात आजचं म्हणणं मांड. दोन्ही मिसळले की सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं असं वाटायला लागतं, आणि जाणत्या परीक्षकाला ते लगेच खटकतं.

ठशाचा अर्थ लावत बसू नकोस. ‘हा ठसा काळाचं प्रतीक आहे’ असं वाक्य दिसलं की खोड. मजकुरात प्रत्येक ठशाचा क्रमांक दे, आणि ठशामागं पायरी, तारीख, त्या दिवशीची पाण्याची पातळी पेन्सिलीनं लिही. प्रदर्शन काही दिवसांत उतरतं. पुढच्या संशोधकाला उरतात ती छायाचित्रं आणि या नोंदी. छायाचित्रात मोजपट्टी ठेवायला विसरू नकोस.

मर्यादाही मोकळेपणानं लिही. घाटाची डागडुजी होते, पायऱ्यांचे दगड बदलले जातात. नव्या दगडाची जुन्याशी तुलना केलीस तर निष्कर्ष कोसळेल. म्हणून ज्यांच्या जुनेपणाची खात्री नाही ते ठसे मालिकेत ठेव, पण निष्कर्षातून वगळ, आणि का वगळले ते समारोपात सांग. समारोपात नवीन उदाहरण नको. ठशांनी काय कळलं, कुठं थांबलं, आणि दुसऱ्या नदीकाठी कुणाला हीच रीत वापरायची तर काय बदलावं लागेल, एवढं पुरे.

सगळं झाल्यावर विवेचनातले ठशांचे उल्लेख झाकून एक प्रकरण वाचून बघ. अर्थ पुरा लागला, तर तो भाग पुन्हा लिही. आणि विद्यापीठाशी आधीच बोलून ठेव की परीक्षकांनी प्रदर्शन पाहिल्यावरच मजकूर त्यांच्या हाती जावा. आधी पानं वाचली तर ते भिंतीवर ठसे बघणार नाहीत, तुझी वाक्यं शोधतील.